सतत विभागणाऱ्या पेशी

अकरावीला मी हिंगोलीत मुलींच्या वसतिगृहात होते. खोलीत दोघीच राहायचो. रूममेट औंढ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली, घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. माझ्या वडिलांचं कनेरगाव नाक्यावर पंक्चर काढायचं दुकान. आम्ही एकमेकींना ‘पार्टनर’ म्हणायचो. सगळ्या वसतिगृहातच तशी पद्धत होती.

दोघींचीही दहावी मराठी माध्यमातली. अकरावीला विज्ञान घेतलं आणि पुस्तक एकदम इंग्रजी झालं. त्यामुळं आमच्या डोक्यात प्रत्येक गोष्टीची दोन नावं असायची. दहावीतलं गुणसूत्र आता क्रोमोझोम झालं होतं, पूर्वावस्था प्रोफेज झाली होती. वाचताना आधी मनात मराठी करायचं, मग समजून घ्यायचं, मग पुन्हा इंग्रजीत घोकायचं. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी पाण्याच्या टाकीपुढं बादल्यांची रांग. अभ्यासाला बसेपर्यंत अंगातलं सगळं संपलेलं असायचं.

दिवाळीनंतर पार्टनर सारखी गावी जायला लागली. शनिवारी कॉलेज सुटलं की थेट स्टँडवर. विचारलं की म्हणायची, “घरी काम हाय.” मी जास्त विचारलं नाही. मेंढरांच्या घरी काम असतंच, असं मला वाटायचं.

त्या रविवारी ती दिवस मावळल्यावर परत आली. पाय न धुताच कॉटवर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी बायोलॉजीची युनिट टेस्ट होती, धडा पेशीचक्र आणि पेशीविभाजनाचा.

“वाचलंस का काही?” मी विचारलं.

“पुस्तक नेलतं. पिशवीतून काढलं बी न्हाई.”

“मग आता?”

“तू इचार. मी सांगते. येत नसल तर तू सांग. वाचायला बसले तर मी निजून जाईन.”

मलाही झोप येतच होती. मग आम्ही एक नियम केला. जिचं उत्तर चुकेल तिनं पुढच्या प्रश्नापर्यंत उभं राहायचं. उभं राहून तरी झोप लागणार नाही.

मेसमधून आणलेल्या भाकरी आणि पातळ वरण खाऊन आम्ही सुरुवात केली. थंडी होती. खिडकीच्या फुटक्या काचेला आम्ही पुठ्ठा लावला होता, तरी वारं आत येत होतं. दोघी आपापल्या कॉटवर चादर पांघरून समोरासमोर बसलो.

“पेशीचक्राचे टप्पे,” मी म्हटलं.

“जी-वन, एस, जी-टू, मंग एम.”

“पहिल्या तिघांना मिळून?”

“इंटरफेज.”

“इंटरफेजला रेस्टिंग फेज पण म्हणतात. बरोबर की चूक?”

“म्हणतात, पण ते खरं न्हाई. पेशी तवा काय रेस्ट घेत नसती. वाढून राहिली, प्रोटीन बनवून राहिली, डीएनएची नक्कल काढून राहिली. बाहेरून दिसत न्हाई, म्हणून रेस्ट म्हणतात.”

“बरोबर. आता तू विचार.”

तिनं मला मेटाफेज विचारला. मी सांगितलं, गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर एका ओळीत येतात, दोन्ही टोकांकडून आलेले स्पिंडलचे धागे त्यांना धरतात. मग ती म्हणाली, केंद्रकाचं आवरण कधी नाहीसं होतं? मी म्हटलं टेलोफेजला, आणि लगेच जीभ चावली. टेलोफेजला ते परत तयार होतं, नाहीसं होतं प्रोफेजच्या शेवटी. मी उभी राहिले.

उभ्या उभ्याच मी तिला तो प्रश्न टाकला, जो बायोलॉजीचे सर दरवर्षी देतात असं वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या.

“जी-वनमध्ये पेशीत सोळा गुणसूत्रं आहेत. एस फेजनंतर किती?”

“बत्तीस.”

“चूक.”

“काहून चूक? डीएनए दुप्पट होतो का न्हाई?”

“डीएनए दुप्पट होतो. गुणसूत्रं सोळाच राहतात.”

“असं कसं? माल दुप्पट झाला अन् नग तेवढेच?”

“पुस्तकात तसंच दिलंय.”

“पुस्तकात दिलंय म्हणून काय झालं? तुला समजलंय का?”

खरं सांगायचं तर मला समजलं नव्हतं. मी पाठ केलं होतं. ती उभी राहायला तयार नव्हती, म्हणाली आधी पटवून दे. दोघींनी पुस्तकातली आकृती बल्बखाली धरली. त्यात एक्ससारखं काहीतरी काढलेलं होतं आणि मध्ये एक टिंब. दोरीवर आमच्या सलवारी वाळत होत्या. मी त्यातल्या एकीची नाडी ओढून काढली आणि कॉटवर पसरली.

“हे एक गुणसूत्र. एस फेजमध्ये याची नक्कल झाली.” दुसऱ्या सलवारीची नाडी काढून मी पहिलीच्या शेजारी ठेवली. मग दोन्हींच्या मधोमध केसांची एक पिन खोचली. “ही पिन म्हणजे सेंट्रोमिअर. पुस्तकात बघ, गुणसूत्रं मोजायची म्हणजे सेंट्रोमिअर मोजायचे. नाड्या दोन, पिन एक. म्हणजे गुणसूत्र एकच, फक्त त्याच्या दोन क्रोमॅटिड झाल्या.”

बोलता बोलता मलाच ते पहिल्यांदा नीट दिसलं.

तिनं पिनेवर बोट ठेवलं. “मंग ही पिन कवा तुटती?”

“ॲनाफेजला. सेंट्रोमिअर दुभंगतो, एक नाडी इकडं ओढली जाते, एक तिकडं.”

“म्हंजे तवा बत्तीस होतात. पेशी दोन व्हायच्या आधी, थोड्या येळासाठी.”

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुस्तक उघडून आम्ही पाहिलं, तिचं बरोबर होतं. त्यानंतर आम्ही दोघीही बसलो. तिचं चुकलं होतं आणि माझंही अर्धं, म्हणून कोणी उभं राहायचं ते ठरलं नाही.

पुढं मी जी-झिरोवर आले. काही पेशी चक्रातून बाहेर पडतात आणि विभागायचं थांबवतात. जिवंत असतात, काम करतात, पण विभागत नाहीत. तिनं हृदयाचं उदाहरण दिलं.

“आणि याच्या उलट? शरीरात कोणत्या पेशींची सतत झीज होते आणि त्यांच्या जागी सारख्या नव्या पेशी येतात?”

तिला येत नव्हतं. मी पुस्तकातून वाचून दाखवलं. “त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी. रक्तपेशी.”

तिनं भिंतीला डोकं टेकलं. मला वाटलं डोळा लागला. पाहिलं तर डोळे उघडे होते.

“परत सांग.”

मी परत सांगितलं.

“अन् केस?”

“केस पुस्तकात नाहीत.”

“केसाच्या मुळाशी पेशी असतील का न्हाई? केस रोज वाढतो. म्हंजे मुळाशी पेशी विभागून राहिल्या असतील.”

“असतील. पण ते टेस्टला येणार नाही.”

“टेस्टचं जाऊ दे,” ती म्हणाली. “माह्या मायचे केस गेले. समदे.”

मग तिनं सांगितलं. तिच्या आईच्या छातीत गाठ झाली होती. दिवाळीच्या आधी नांदेडला ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी सलाईनमधून औषध द्यायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी एक डोस, असे बरेच. पहिला झाला होता. ही शनिवारी घरी जायची, रविवारी पहाटे आईबरोबर निघायची, वारंगा फाट्यावर गाडी बदलायची, दवाखान्यात रक्त तपासून घ्यायची, आईला परत घरी सोडून कॉलेजला यायची. भाऊ लहान, वडील मेंढरांमागं. दोन महिने ती माझ्याशेजारच्या कॉटवर झोपत होती आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? तू बी रडली असतीस. मला रडनाऱ्याला समजावायचा कटाळा आलता.”

तिच्या आवाजात रडं नव्हतं, नुसता थकवा होता.

“काल मायच्या केसात हात घातला तर पुंजकाच हातात आला. मायचा अंबाडा एवढा मोठा होता. आत्या आली अन् म्हणाली, हे औषध नसून जहर हाय, आतून खाऊन राहिलं. मायला ते पटलं. तोंड आलंय, पाणी बी गिळवत न्हाई. पोट बिघडलं. डॉक्टर म्हणतात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. माय म्हणते, गाठ तर कापून टाकली, मंग आता हे काहून? मला न्हाई जायचं. परवा डोस हाय अन् ती न्हाई म्हणून बसली. मी दोन दिवस भांडले. मला सांगताच येईना, असं काहून होतं ते. मलाच माहीत न्हाई तर मी काय सांगू?”

मी पुस्तक हातात धरून बसले होते. ती उठून माझ्या कॉटवर आली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघ. त्वचा, आतडं, रक्त. मायचं तोंड आलं, पोट बिघडलं, रक्त कमी झालं. अन् केस. जे सारखं विभागतं, तेच समदं बिघडलं. हृदयाला काही न्हाई झालं. हातपाय चालतात. डोकं तर लईच चालतं, भांडते बराबर.”

“म्हणजे औषध विभागणाऱ्या पेशींना धरतं.”

“अन् गाठ म्हंजे काय? चक्र थांबवायचं इसरलेल्या पेशी. सरांनी सांगितलं होतं वर्गात. सारख्या विभागतात.”

“मग औषधाला कसं कळणार, कोणती चांगली आणि कोणती वाईट?”

“न्हाई कळत,” ती म्हणाली. “म्हणूनच तर.”

मला पेशीचक्र म्हणजे वहीतलं एक गोल चित्र वाटायचं, बाणांचं. त्याचा कुणाच्या अंबाड्याशी संबंध असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

“आत्ताच फोन कर,” मी म्हटलं. “होस्टेलच्या मॅडमना सांगू, मोबाईल देतील.”

“नगं. आपण चुकीचं सांगितलं तर? आपल्याला नाडीचं बी आत्ता समजलं. सकाळी सरांना इचारते. बराबर असल तर सांगते.”

मग ती म्हणाली, “चल, मिओसिस राहिलं.” मला वाटलं नव्हतं ती पुढं अभ्यास करेल. आम्ही लेप्टोटीनपासून डायकायनेसिसपर्यंत पाच नावं म्हणत राहिलो. क्रॉसिंग ओव्हर कुठं होतं हे तिला तीनदा विचारलं, तिनं दोनदा झायगोटीन सांगितलं आणि एकदा पॅकिटीन. पॅकिटीन बरोबर होतं. ती उभी राहून म्हणत होती, कारण तिचं चुकलं होतं. मग कॉटला टेकली. मग झोपली. मी तिच्यावर चादर टाकली आणि बल्ब बंद केला.

सकाळी कॉलेजात आम्ही सरांना स्टाफरूमच्या दारात गाठलं. सर घाईत होते, हातात टेस्टचे पेपर. पार्टनरनं प्रस्तावना केली नाही, सरळ विचारलं, “सर, गाठीच्या आजारात सलाईन देतात, त्यानं केस काहून जातात? ते औषध विभागणाऱ्या पेशी मारतं म्हणून का?”

सरांनी तिच्याकडं पाहिलं. पेपर बगलेत धरले. “कुणाला चालू आहे?”

“मायला.”

सर बाजूच्या बाकावर बसले. म्हणाले, तुझा विचार बरोबर आहे. काही औषधं डीएनएची नक्कल होऊ देत नाहीत, काही स्पिंडलच्या धाग्यांना धरून ठेवतात, म्हणजे पेशी विभागताना मध्येच अडकते आणि मरते. ज्या पेशी जोरात विभागतात त्यांना फटका जास्त. ऑपरेशननं गाठ जाते, पण एखाद-दुसरी पेशी शरीरात कुठं राहिली असेल तर ती दिसत नाही, तिच्यासाठी हे. दोन डोसांत अंतर ठेवतात ते रक्ताच्या पेशी पुन्हा भरून याव्यात म्हणून. रक्त हाडांच्या मज्जेत तयार होतं, त्याला वेळ लागतो.

“अन् केस?”

“बहुतेक वेळा परत येतात, औषध संपल्यावर. पण तोंड आलंय, खाता येत नाही, ताप आला, हे डॉक्टरांना लगेच सांगायचं. विशेषतः ताप. त्यावरचा इलाज सांगणं माझं काम नाही.” मग म्हणाले, “टेस्ट नंतर दे पाहिजे तर.”

“न्हाई सर, आजच देते,” ती म्हणाली. “वाचलंय.”

टेस्ट झाली. दुपारी आम्ही वसतिगृहाच्या मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडमनी काही न विचारता मोबाईल दिला. पार्टनरच्या गावातल्या चुलत भावाच्या फोनवर लावला, तो पळत घरी गेला. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. पार्टनरनं फोन स्पीकरवर ठेवला, कारण मीही ऐकावं असं तिला वाटत होतं.

“माय, मी बोलते.”

“पेपर झाला का?”

“झाला. माय, तू ऐक. जहर न्हाई ते. म्हंजे हाय, पण गाठीसाठी हाय. अंगात ज्या पेशी सारख्या वाढून राहिल्यात, दोनाच्या चार होऊन राहिल्यात, त्यांना ते मारतं. गाठ तशीच वाढती. पण केसाचं मूळ बी तसंच वाढतं, तोंडाची आतली कातडी बी. म्हणून त्याला बी लागतं.”

“म्हंजे चुकून लागतं?”

“व्हय. चुकून.”

मग आई म्हणाली, “अन् मुळी? मुळी मरती का?”

“न्हाई मरत. थांबती. औषध बंद झालं की परत सुरू होती.”

“मेंढराची लोकर कातरली तर परत येती, तसं?”

पार्टनरनं माझ्याकडं पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं.

“बराबर तसं न्हाई, माय. कातरताना मुळीला धक्का लागत न्हाई. इथं लागतो. म्हणून येळ लागंल. पण येतात, सर म्हणाले. बहुतेकांचे येतात.”

“तुह्या सरांना कसं माहीत?”

“पुस्तकात हाय.”

“पुस्तकात माहं तोंड आलेलं बी हाय का?”

“हाय,” ती म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. “हाय, माय. तेच तर काल वाचलं. तू येडी न्हाईस. तुला जे व्हायलं ते खरं हाय, अन् ते काहून व्हायलं ते माहीत हाय लोकायला.”

आई म्हणाली, “रडू नको. तू जेवली का?”

“न्हाई.”

“जेव. अन् बापाला सांग उद्या पायटेच्या गाडीनं निघायचं म्हणून. मी त्याला नगं म्हणून बसले होते, आता मीच कसं सांगू.”

पेशीचं ऐकून ती तयार झाली की लेकीचा आवाज ऐकून, हे मला आजही सांगता येणार नाही. पार्टनरला विचारलं तर ती म्हणाली, “मायला कोणीतरी कारण सांगाया पाहिजे होतं. इतके दिवस समदे नुसतं ‘जा’ म्हणत होते.”

तिची आई दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी तोंडासाठी औषध दिलं, रक्त पाहिलं आणि डोस एक आठवडा पुढं ढकलला. मग दिला. त्यानंतरचे डोस सोपे नव्हते. एकदा ताप आला आणि रात्रीतून नांदेडला न्यावं लागलं, पण ताप म्हणजे थांबायचं नाही हे आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पार्टनरचे कॉलेजचे कितीतरी दिवस बुडाले. ती नसताना मी वर्गात नोट्सच्या दोन प्रती लिहायचे, दुसरी तिच्यासाठी. ती परत आली की आम्ही तसंच एकमेकींना विचारायचो. चुकलं की उभं राहायचं हा नियम मात्र पुढं सोडून दिला. उभं राहायची ताकद दोघींतही नव्हती.

त्या टेस्टमध्ये आम्हाला बरे मार्क पडले, फार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या गावी गेले. डोस संपले होते. तिची आई लिंबाखाली बाजेवर बसून कोकरांना पाला चारत होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मी पाया पडले तसा तिनं स्वतःच पदर मागं सारला आणि डोकं माझ्यापुढं केलं. बारीक, करडे, कुरळे केस उगवले होते.

“आधी सरळ होते,” ती म्हणाली. “हे कुनाचे आले काय माहीत.”

मला हसू आलं, तिलाही. मग तिनं मला नीट पाहिलं.

“तू बी हिच्यासंगंच शिकती ना?”

“हो, मावशी.”

“लई जागता म्हणं तुमी.”

“जागतो.”

“डोळे बघ कसे खोल गेलेत दोघींचे.” तिनं बाजेवरून उठून कोकरू खाली सोडलं. “निजा थोडं. सांच्यापारी उठवते. आज कोनी काही इचारनार न्हाई तुमाला.”

आम्ही दोघी त्या एका बाजेवर आडव्या झालो. पार्टनर लगेच झोपली. मी थोडा वेळ त्या माउलीला मेंढरांमागं हळूहळू चालत जाताना पाहत होते. वाटेत ती दोनदा दम खायला थांबली.